कपल आलं की माझा बीएमडी बंदच होत नाही (ओव्हरहँगिंग बीम)

केटीग्रस्त | रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. सिव्हिल सेकंड इयर, एसओएमची केटी आहे, पेपर पुढच्या मंगळवारी. डोंबिवली ते दादर रोज लोकलमध्ये उभ्या उभ्या गणितं सोडवतोय, पण एक गणित दोन दिवस छळतंय.

बीम ए पासून सी पर्यंत ८ मीटर. डाव्या टोकाला ए वर हिंज, ६ मीटरवर बी ला रोलर, म्हणजे बी च्या पुढे २ मीटर ओव्हरहँग. ए पासून पहिल्या ३ मीटरवर १० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल. ४ मीटरवर डी या बिंदूत ३६ किलोन्यूटन-मीटरचं क्लॉकवाइज कपल. सी या मोकळ्या टोकाला १२ किलोन्यूटन खाली.

माझ्या रिअॅक्शन: ए ला १२.५, बी ला २९.५, दोन्ही वर. एसएफडी मस्त बंद होतो. बीएमडी मात्र सी ला शून्यावर यायला हवा तिथे –७२ येतो. मोकळ्या टोकाला –७२! तीन वेळा नव्याने केलं, तीनदा तेच. मागच्या वेळी असाच प्रश्न होता, मी रेघ गुपचूप शून्यावर वळवून टाकली होती. तपासणाऱ्यांनी बरोबर तिथेच लाल गोल केला.

आकडेमोड्या | रात्री ११:३४

बीएमडी बंद होत नाही म्हणजे रिअॅक्शन चुकल्या. शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं. परत काढ. आणि जास्तीत जास्त बीएम हवा असेल तर एसएफ जिथे शून्य होतो किंवा चिन्ह बदलतो तिथेच बघायचं, बाकी ठिकाणी वेळ घालवू नकोस.

चाळकरी काका | रात्री ११:५०

आमच्या गिरगावातल्या इमारतीची गॅलरीसुद्धा अशीच दोन-अडीच फूट बाहेर आलेली आहे. खालच्या बाजूने प्लास्टर सुटतंय, सळई दिसते. हे मोमेंट वजा येण्यामुळेच होतं का? सोसायटीचा माणूस म्हणतो नुसता गिलावा मारू.

स्लाइडरूल | रात्री १२:०५

काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण आधी तोच सांगते. बाहेर आलेल्या गॅलरीत ताण वरच्या बाजूला असतो, मुख्य सळई वर असते. खालचं प्लास्टर सुटून सळई दिसते ती बहुतेकदा ओल आणि गंजामुळे. गंज चढला की सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. नुसत्या गिलाव्याने गंज झाकला जाईल, थांबणार नाही. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याला बोलवा आणि तोवर गॅलरीत पिंप, कुंड्या ठेवू नका.

आता केटीग्रस्त. तुझ्या रिअॅक्शन बरोबर आहेत. ए भोवती मोमेंट घेतले तर क्लॉकवाइजची बेरीज यूडीएलचे ३० × १.५ = ४५, कपलचे ३६ आणि टोकाचे १२ × ८ = ९६, मिळून १७७. भागिले ६ म्हणजे बी ला २९.५. एकूण भार ४२, त्यातून उरले १२.५.

तुझं गणित मी पाहिलेलं नाही, तरी चूक कुठे आहे ते सांगते. –७२ म्हणजे ३६ ची दुप्पट. कपलची उडी घ्यायला विसरला असतास तर सी ला –३६ आलं असतं. तू उडी घेतलीस, पण उलट्या दिशेने. डी च्या लगेच डावीकडे तुझा बीएम –२५ असेल आणि उजवीकडे तू –६१ लिहिला असशील. बघ.

केटीग्रस्त | रात्री १२:११

अहो हो!! –६१ च आहे. मग बी ला –९६ आणि सी ला –७२. तुम्हाला कसं कळलं? 😳

पण ताई, आमच्या वर्गात अँटिक्लॉकवाइज अधिक असं सांगितलंय. हे कपल क्लॉकवाइज आहे, म्हणून मी ३६ वजा केले. मग चुकलं काय?

स्लाइडरूल | रात्री १२:३२

चुकलं ते असं. तू डावीकडून चाललायस. पहिल्या मीटरभरात एक सेक्शन घे. डावीकडच्या तुकड्यावर ए ची रिअॅक्शन वर ढकलते. ती सेक्शनभोवती तुकड्याला कुठे फिरवते? क्लॉकवाइज. आणि तिचा मोमेंट तू १२.५ × x असा अधिकच लिहिलायस ना? बरोबरच लिहिलायस, कारण त्याने बीम खाली झोळीसारखा वाकतो, सॅगिंग. मग एक क्लॉकवाइज अधिक आणि दुसरा क्लॉकवाइज वजा, हे एकाच कागदावर कसं चालेल?

रिअॅक्शन काढताना वापरतोस ते चिन्ह आणि बीएमचं चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिअॅक्शनच्या वेळी अँटिक्लॉकवाइज अधिक घे नाहीतर वजा घे, समीकरणाला फरक पडत नाही. बीएमच्या वेळी मात्र बीम कसा वाकतो ते बघायचं. डावीकडून चालताना मागे पडलेलं क्लॉकवाइज कपल सॅगिंग देतं, म्हणून उडी वर. उजवीकडून चाललास तर तेच कपल हॉगिंग देतं, म्हणून वजा. दोन्ही वाटांनी आकृती एकच येते.

करून बघ. उजवीकडून येताना डी च्या लगेच उजव्या बाजूला फक्त बी ची रिअॅक्शन आणि टोकाचा भार मोजायचा: २९.५ × २ – १२ × ४ = ५९ – ४८ = +११. डी ओलांडून डावीकडे गेलास की ११ – ३६ = –२५. तुझा डावीकडून आलेला –२५ इथे जसाच्या तसा भेटतो.

आता सरळ आकृती काढ. ए ला शून्य. १.२५ मीटरवर एसएफ शून्य होतो, तिथे +७.८१. यूडीएल संपतो तिथे –७.५. मग सरळ उतरती रेघ, डी च्या डावीकडे –२५. उभी रेघ वर, +११. परत तोच उतार, कारण एसएफ अजून –१७.५ च आहे, आणि बी ला –२४. तिथून वर चढत सी ला शून्य. डी च्या दोन्ही बाजूंच्या रेघा समांतर आल्या पाहिजेत. त्या समांतर दिसल्या नाहीत तर पट्टी सरकली असं समज.

आकडेमोड्या | सकाळी ७:४८

रिअॅक्शनचं माझं चुकलं, मान्य. पण एसएफडी बंद झाला होता, म्हणजे रिअॅक्शन बरोबर हे मलाच तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

स्लाइडरूल | सकाळी ८:१५

नाही हो, तेवढ्याने कळत नाही, आणि इथेच पुष्कळ पोरं फसतात. बी ची रिअॅक्शन चुकीची काढली तरी ए ची आपण ‘एकूण भार वजा बी’ अशीच काढतो. मग एसएफडी बंद होणारच, तो बिचारा फक्त वरखालची बेरीज तपासतो. कपल त्यात कुठेच दिसत नाही. कपलची चूक पकडायला बीएमडीच लागतो.

विक्रोळी फास्ट | सकाळी ८:४०

मी पण सोडवून बघितलं, डिप्लोमा करून दहा वर्षं झाली. माझं ए ला –५.५ आलं आणि बी ला ४७.५. ओव्हरहँगवर भार असला की पलीकडचं टोक उचललं जातं, म्हणजे ए खाली ओढून धरतोय. पटतंय तसं. तुम्हा सगळ्यांचं चुकतंय की काय?

केटीग्रस्त | सकाळी ९:०२

दादा, तुम्ही ३६ ला ४ ने गुणलंत का? १४४ घेतले की बी बरोबर ४७.५ येतो. ही चूक मी पहिल्या टर्मला केलेली आहे, लांबून ओळखतो 😁

विक्रोळी फास्ट | सकाळी ९:१०

केली रे बाबा. ए पासून ४ मीटरवर म्हणून ४ ने गुणलं. हाताला सवय, दिसलं की अंतराने गुणायचं.

स्लाइडरूल | सकाळी ९:३०

केटीग्रस्तने अचूक पकडलं. कपल हा आधीच मोमेंट आहे, कुठल्याही बिंदूभोवती तो ३६ च. त्याला मीटरने गुणलं तर किलोन्यूटन-मीटर-मीटर असं काहीतरी होतं, युनिट लिहायची सवय असती तर तिथेच हात थांबला असता. टोक उचललं जाणं मात्र खरंच घडू शकतं, ओव्हरहँग लांब किंवा भार जास्त असेल तर. त्यामुळे उणे रिअॅक्शन दिसली की लगेच चूक म्हणू नये. उजव्या टोकाला बीएमडी बंद होतो का ते बघावं. तुमचा सी ला –१०८ वर संपेल, म्हणजे १४४ आणि ३६ मधला फरक.

आकडेमोड्या | सकाळी १०:०५

म्हणजे कपल कुठेही असलं तरी रिअॅक्शन त्याच. एसएफडी पण तोच. मग डी ४ मीटरवर आहे ही माहिती प्रश्नात उगाच दिलीय म्हणायची. कपल कुठेही ठेवा, उत्तर तेच. कमाल बीएम बी ला –२४, कारण एसएफ तिथे –१७.५ वरून +१२ होतो. १.२५ मीटरवर ७.८१ आहे, तो लहान. विषय संपला.

स्लाइडरूल | सकाळी १०:५०

अर्धं खरं, आणि असलं अर्धं खरंच महागात पडतं.

रिअॅक्शन आणि एसएफडी कपलच्या जागेने बदलत नाहीत, कबूल. बीएमडी बदलतो. हेच ३६ चं कपल सरकवत बी ला आणून ठेवा. बी च्या लगेच डावीकडे बीएम –६० येतो. तेच ए वर ठेवा, आकृती +३६ पासून सुरू होते आणि १.२५ मीटरवर जवळजवळ ४४ पर्यंत चढते. एसएफडी तिन्ही वेळा रेघ न् रेघ सारखा. एसएफडी बघून कपल कुठे आहे हे जगात कोणाला सांगता येणार नाही.

आता कमाल बीएम. एसएफ शून्य तिथे बीएम कमाल, हा नियम बीएमची रेघ अखंड असते तोवरच चालतो. कपलपाशी ती तुटते. आपल्या गणितात सर्वांत मोठा आकडा –२५, तो डी च्या लगेच डावीकडे आहे आणि तिथे एसएफ –१७.५ आहे, शून्याच्या जवळपासही नाही. सर्वांत मोठा सॅगिंग +११, तोही डी पाशीच, उजव्या बाजूला. १.२५ मीटरवरचा ७.८१ त्याच्यापुढे लहान. म्हणजे नियमाने गेलात तर दोन्ही आकडे हुकले: हॉगिंग २५ ऐवजी २४, सॅगिंग ११ ऐवजी ७.८. हॉगिंगमध्ये फरक थोडा आहे. सॅगिंगमध्ये खालची सळई ७.८ साठी द्याल आणि बीम ११ मागेल.

कपल असलं की त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे लिहायचेच, मग कमाल शोधायचा.

आकडेमोड्या | सकाळी ११:२०

बरं. –२५ चं पटलं. ‘कुठेही ठेवा’ मागे घेतो.

गाळा नंबर ९ | दुपारी १:१५

नमस्कार. माझं कुर्ल्याला फॅब्रिकेशनचं काम आहे, शिक्षण दहावी. हे एसएफडी-बीएमडी मला येत नाही, पण ‘कपल’ म्हणताय ते मी पाहिलंय असं वाटतं, म्हणून लिहितो.

एका दुकानाच्या बोर्डासाठी चॅनल बाहेर काढला होता. दीडशेचा चॅनल, दोन ठिकाणी धरलेला, पुढे साधारण चार फूट मोकळा. त्याच्यावर प्लेट बोल्ट करून उभा पाइप, सहा-सात फूट उंच, पाइपला बोर्ड. पावसाळ्यात वाऱ्याने पाइप पुढेमागे हलायचा, चॅनलच्या लांबीच्याच दिशेने. मला वाटायचं सपोर्टपाशी चॅनल वाकेल, म्हणून तिथे मी जादा पट्टी मारली. आणि बिघडलं कुठे, तर पाइपच्या प्लेटखाली. प्लेटच्या पुढच्या कडेला चॅनलचा वरचा पत्रा दबला, मागच्या बोल्टपाशी तोच पत्रा वर उचलला गेला. सपोर्टला काहीच नाही. वजन तर पाइप आणि बोर्डाचं, दोन माणसं उचलतील एवढं. मग एवढी ताकद आली कुठून?

स्लाइडरूल | दुपारी ३:४०

दादा, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

वाऱ्याने पाइपच्या वरच्या टोकाला दीड किलोन्यूटन ढकललं असं धरू, म्हणजे साधारण दीडशे किलोचा जोर. उंची २ मीटर धरली तर खाली चॅनलवर ३ किलोन्यूटन-मीटरचं कपल आलं. (शिवाय दीड किलोन्यूटन चॅनलच्या लांबीत सरळ ढकलतो, तो हिंजकडे जातो, तो तूर्त बाजूला.) आता हे कपल चॅनलला कसं कळतं? प्लेटचे मागचे बोल्ट चॅनलला वर ओढतात आणि प्लेटची पुढची बाजू त्याला खाली दाबते. दोघांत अंतर दीडशे मिलिमीटर असेल तर ३ भागिले ०.१५, म्हणजे २० किलोन्यूटन वर आणि २० खाली. दोन टन! वजन दोन माणसं उचलतील एवढंच आहे, खरं. पण दोन मीटरचा पाइप तिथे पहारीचं काम करतोय.

केटीग्रस्त | दुपारी ४:०५

थांबा थांबा. बीमवर वर आणि खाली असे खरे फोर्स येत असतील तर एसएफडीत काहीतरी दिसायला हवं ना? आम्ही तर कपलपाशी एसएफडीला हातही लावत नाही. गेल्या वर्षी मी तिथे उभी रेघ मारली होती, दोन मार्क गेले.

स्लाइडरूल | संध्याकाळी ६:३०

मार्क जाणं योग्यच होतं, आणि तुझी शंकाही योग्य आहे. दोन्ही एकाच वेळी कसं ते तुझ्याच गणितावर दाखवते. कागद घे.

डी पाशी ३०० मिलिमीटर लांबीची प्लेट आहे असं समज, ३.८५ पासून ४.१५ मीटरपर्यंत. ३६ चं कपल म्हणजे ३६ भागिले ०.३ = १२० किलोन्यूटनची जोडी. क्लॉकवाइज आहे म्हणून डावीकडचा वर, उजवीकडचा खाली. रिअॅक्शन बदलत नाहीत. डावीकडून चाल.

३.८५ ला पोचेपर्यंत एसएफ –१७.५, बीएम –२२.४. तिथे १२० वर, एसएफ एकदम +१०२.५. पुढचे ३० सेंटिमीटर तो तसाच. ४.१५ ला १२० खाली, एसएफ परत –१७.५. बीएम या ३० सेंटिमीटरमध्ये १०२.५ × ०.३ म्हणजे ३०.७५ ने चढतो आणि +८.४ ला पोचतो. तिथून पुढे तीच जुनी रेघ, बी ला –२४.

म्हणजे पुस्तकात जी उभी उडी दिसते ती प्रत्यक्षात खडी चढण असते. आणि एसएफडीत तिथे अरुंद, उंच सुळका असतो. प्लेट जितकी लहान, सुळका तितका अरुंद आणि तितकाच उंच. सुळका खूप उंच झाला तरी त्याचं क्षेत्रफळ ३६ च्या आसपासच राहतं. पुस्तकातलं कपल म्हणजे प्लेटची लांबी शून्य केलेली अवस्था. तेव्हा सुळक्याला रुंदीच उरत नाही, म्हणून तो एसएफडीत काढत नाहीत, आणि त्याचं क्षेत्रफळ तेवढं बीएमडीत उडी म्हणून शिल्लक राहतं. परीक्षेत तुला कपल बिंदूवर दिलंय, तेव्हा एसएफडीत काही काढायचं नाही. गाळा नंबर ९ यांच्या चॅनलला मात्र तो सुळका पूर्ण सोसावा लागला. तुमचा पत्रा बरोबर त्या दोन कडांना गेला.

बीएमच्या बाजूने पुस्तक थोडं जास्तच सांगतं, २२.४ च्या जागी २५ आणि ८.४ च्या जागी ११. तो आकडा आपल्या बाजूला आहे, चिंता नाही. शिअरच्या बाजूने मात्र पुस्तकातली आकृती १०२.५ लपवून १७.५ दाखवते. हे लक्षात न ठेवता नुसत्या एसएफडीवरून वेब तपासला तर फसाल.

गाळा नंबर ९ | संध्याकाळी ७:१०

समजलं. म्हणजे प्लेट लांब केली असती तर जोर कमी झाला असता. मी दीडशेची टाकली होती, खर्च वाचवायला. आता तीनशेची टाकतो आणि आतून दोन्ही कडांखाली उभ्या पट्ट्या वेल्ड करतो. बरोबर?

स्लाइडरूल | संध्याकाळी ७:२५

दिशा बरोबर आहे, तीनशेला जोडीचा जोर निम्मा होतो. पट्ट्याही बरोबर त्या कडांखालीच हव्यात, मधे नाही. पण मी इथे दीड किलोन्यूटन मनाने धरलाय. बोर्डाच्या आकारावरून वाऱ्याचा खरा जोर कोणाकडून तरी काढून घ्या आणि मगच पत्रा कापा. रस्त्यावर माणसं चालतात.

आरसीसी डिझायनर | रात्री ९:००

बोललाच आहात तर माझं एक. आमच्या ऑफिसात बीएमडी ताणाच्या बाजूला काढतात, म्हणजे हॉगिंग वर आणि सॅगिंग खाली. सळई जिथे टाकायची तिथेच रेघ दिसते. नवीन पोरगा कॉलेजातून येतो, आकृती उलटी वाचतो आणि सळई खाली टाकतो. केटीग्रस्त, पेपरात कॉलेजचीच पद्धत ठेव, पण आकृतीवर ‘सॅगिंग अधिक’ असं लिहून टाक.

आणि डी पाशी फूटभरात वरचा ताण खाली येतोय. तिथे सळई आकृतीप्रमाणे तोडू नका. आयएस ४५६ प्रमाणे गरज संपते त्या जागेपुढे इफेक्टिव्ह डेप्थ किंवा सळईच्या व्यासाच्या १२ पट, जे जास्त असेल तेवढी पुढे न्यावीच लागते.

केटीग्रस्त | रात्री ९:३०

लिहून घेतलं. आज ट्रेनमध्ये पूर्ण गणित परत सोडवलं, सी ला शून्य आलं. कळव्याला आलं 😄

एक वाक्यात तपासायला आमच्या एका सीनियरने हे दिलं, ८ घातले की शून्य येतं:

```
M = 12.5x − 5x² + 5<x−3>² + 36<x−4>⁰ + 29.5<x−6>
```

कंसातली किंमत उणे आली तर ते पद सोडून द्यायचं. आणि कपलच्या पदाचा घात शून्य, म्हणजे ४ मीटर ओलांडले की सरळ ३६ मिळवायचे, अंतराचा संबंध नाही. विक्रोळी फास्ट दादांसाठी खास.

आता शेवटचं विचारतो. पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर किती? मला २.५ मीटरवर एक मिळाला आणि ४.६३ वर दुसरा. पण डी ला –२५ वरून +११ होतो म्हणजे चिन्ह तिथेही बदलतं. तो तिसरा धरायचा का?

आकडेमोड्या | रात्री ९:४१

नाही. बीएम शून्य असायला हवा. डी ला तो कधीच शून्य नसतो. –२५ आहे, नाहीतर +११ आहे. दोनच.

आरसीसी डिझायनर | रात्री ९:५५

मी तिसरा धरीन. बीम तिथे खरंच वाकण्याची दिशा बदलतो. डावीकडे पालथा, उजवीकडे उताणा. कॉन्ट्राफ्लेक्शर म्हणजे दुसरं काय?

स्लाइडरूल | रात्री १०:२०

प्लेटवालं गणित घ्या. तिथे बीएम –२२.४ वरून सरळ रेघेत +८.४ ला जातो, म्हणजे वाटेत कुठेतरी शून्य होतोच. साधारण ४.०७ मीटरवर. खऱ्या बीमला तिसरा बिंदू आहे यात मला शंका नाही. बिंदूवरच्या कपलला त्याची व्याख्या कशी लावायची यावर मी दोन प्राध्यापकांना एका वायवात वाद घालताना पाहिलंय, आणि पोरगं मधे उभं.

केटीग्रस्त | रात्री १०:२८

मी ते पोरगं होणार आहे मंगळवारी. पेपरात काय लिहू?

स्लाइडरूल | रात्री १०:३५

२.५ आणि ४.६३ गणित करून दाखव, ती शून्यं आहेत. खाली एक ओळ लिही की डी ला बीएम उडी मारून चिन्ह बदलतो. मार्क देणारा कुठल्याही पक्षाचा असला तरी त्याला हवं ते सापडेल.

आकडेमोड्या | रात्री १०:४४

तरी दोनच.

चाळकरी काका | दुसऱ्या दिवशी सकाळी ६:५०

ऑडिटवाल्याचा फोन मिळाला, शनिवारी येतोय. कुंड्या आत घेतल्या. तुळस मात्र गॅलरीतच ठेवली, तेवढी चालेल ना?